टँकरच्या वस्तीत अतिसार जास्त का? पत्रकारितेच्या वर्गात सहसंबंध आणि कार्यकारणभाव शिकवण्याची एक पद्धत

दोन गोष्टी एकत्र वाढतात म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे वाक्य पत्रकारितेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेले असते. तरीही बातमी लिहायला बसल्यावर त्याचा उपयोग होत नाही, आणि माझ्या मते याला शिकवण्यातली उदाहरणे बऱ्याच अंशी जबाबदार आहेत. वर्गात सहसा उन्हाळ्यात आइस्क्रीमचा खप वाढतो आणि बुडून होणारे मृत्यूही वाढतात, अशा धर्तीचे उदाहरण दिले जाते. आइस्क्रीम खाल्ल्याने माणूस बुडत नाही हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते, त्यामुळे तो निष्कर्ष नाकारतो तो ओळखीच्या जोरावर. आकडेवारी तपासून नाकारण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. उद्या त्याच्यासमोर पटण्याजोगा, रास्त वाटणारा, अन्यायाला वाचा फोडणारा चुकीचा निष्कर्ष आला, की तो निर्धास्तपणे छापायला पाठवतो.

म्हणून वर्गासाठी कल्पित आकडेवारी तयार करताना माझी पहिली अट अशी असते, की तिच्यातून निघणारा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थ्याला मनापासून खरा वाटला पाहिजे. सोलापुरात असा विषय शोधायला लांब जावे लागत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी येणे, घरोघरी पिंपे आणि बॅरल भरून ठेवणे, उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावणे हे इथल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. मोहोळ, अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून येणाऱ्यांनी तर अधिकच. टँकरच्या पाण्याविषयी राग आणि संशय दोन्ही त्यांच्या मनात तयार असतात. त्या संशयाला दुजोरा देणारा, पण प्रत्यक्षात तो सिद्ध न करणारा तक्ता कसा बनवायचा, वर्गात कसा वापरायचा आणि त्यातून बातमीपर्यंत कसे यायचे, ते इथे क्रमाने मांडतो. साधारण तीन तासांच्या दोन सत्रांत हे पूर्ण होते.

पहिला तक्ता बनवणे

कल्पित आकडेवारीचा मोठा फायदा असा, की खरे कारण कोणते हे शिक्षकाला पक्के माहीत असते, कारण ते त्यानेच सूत्रात लिहिलेले असते. खऱ्या आकडेवारीत ते कुणालाच नेमके माहीत नसते आणि वर्गातला वाद मतामतांच्या पातळीवर अडकतो. इथे शेवटी सूत्र उघडून दाखवता येते.

एका नाव नसलेल्या शहरातल्या ६० वस्त्या घ्याव्यात. गणित सोपे राहावे म्हणून प्रत्येक वस्तीची लोकसंख्या एक हजार धरावी. स्प्रेडशीटच्या A रकान्यात वस्तीचा क्रमांक, B मध्ये नळाला किती दिवसांआड पाणी येते तो आकडा, C मध्ये टँकर येत असेल तर 1 आणि नसेल तर 0, आणि D मध्ये मे महिन्यातले अतिसाराचे रुग्ण. ३० वस्त्यांत पाणी दोन दिवसांआड येते आणि त्यांतल्या फक्त ५ वस्त्यांत टँकर जातो. उरलेल्या ३० वस्त्यांत पाणी सहा दिवसांआड येते आणि त्यांतल्या २५ वस्त्यांत टँकर जातो. हे वाटप B आणि C मध्ये हाताने भरावे, आणि D2 मध्ये पुढील सूत्र लिहून ते D61 पर्यंत ओढावे.

```
=IF(B2=6,19,7)-C2+RANDBETWEEN(-3,3)
```

सूत्राचा अर्थ सरळ आहे. सहा दिवसांआड पाणी असलेल्या वस्तीत मुळात १९ रुग्ण, दोन दिवसांआड असलेल्या वस्तीत ७. टँकर येत असेल तर रुग्ण एकाने कमी होतो. शेवटचा भाग योगायोगाचा, तीन खाली ते तीन वर. म्हणजे या कल्पित शहरात टँकर किंचित हितकारक आहे, आणि आजाराचे ओझे नळाच्या खंडाशी बांधलेले आहे. सूत्रातला खंडाचा परिणाम मी मोठा ठेवतो, पण त्यामागचे कारण वास्तवातले आहे. नळयोजना खंडित असली की पाणी नसण्याच्या काळात वाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत ओढले जाते. शिवाय सहा दिवस साठवलेल्या पिंपात हात, तांब्या आणि धूळ रोज जात असते.

योगायोगाचे आकडे पत्रक उघडताना प्रत्येक वेळी बदलतात, म्हणून D रकाना निवडून केवळ मूल्ये म्हणून पुन्हा चिकटवावा. सूत्र असलेली प्रत वेगळी जपून ठेवावी. त्यानंतर एका रिकाम्या रकान्यात `=RAND()` भरून त्यानुसार सगळ्या ओळी क्रमाने लावाव्यात, म्हणजे ओळी मिसळतील आणि सहा दिवसांआडच्या वस्त्या एका ठिकाणी दिसणार नाहीत.

प्रत्येक पानावर ठळक अक्षरांत ‘कल्पित आकडेवारी, वर्गापुरती’ असे छापावे आणि वस्त्यांना खरी नावे कधीही देऊ नयेत. विडी घरकुल किंवा जुळे सोलापूर असे नाव लिहिले तर वर्ग जिवंत होतो हे खरे, पण त्या पानाचे छायाचित्र एकदा व्हॉट्सॲपच्या गटात गेले की ‘कल्पित’ हा शब्द कापलेला असतो आणि वस्तीचे नाव राहिलेले असते.

वर्गात देताना एक रकाना लपवायचा

विद्यार्थ्यांना फक्त A, C आणि D द्यावे. B द्यायचा नाही, आणि असा काही रकाना आहे हेही सांगायचे नाही. त्यांना अर्ध्या तासात टँकर असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची सरासरी काढून एक मथळा आणि साठ शब्दांची बातमी लिहायला सांगावी.

सरासरी काढली की चित्र स्पष्ट दिसते. टँकर येणाऱ्या ३० वस्त्यांत दर हजारी सुमारे १६ रुग्ण, न येणाऱ्या ३० वस्त्यांत सुमारे ९. ज्यांना सहसंबंधाचा गुणांक माहीत आहे ते `=CORREL(C2:C61,D2:D61)` लावतात आणि ०.५८ च्या आसपास आकडा येतो, जो अशा विषयात लक्षणीय मानला जाईल. मथळे बहुतेक एकाच वळणाचे येतात: ‘टँकरच्या पाण्याने अतिसाराचा कहर’, ‘टँकरमुळे रुग्ण जवळपास दुप्पट’. ते फळ्यावर जसेच्या तसे लिहून ठेवावेत आणि त्यांवर टीका करू नये. या टप्प्यावर शिक्षकाने शंका सूचित केली, तर विद्यार्थी ‘यात काहीतरी फसवणूक आहे’ एवढेच शिकतो आणि पुढचे सगळे फोल ठरते.

त्यानंतर प्रत्येक गटाने एकच काम करायचे: ही बातमी छापण्यापूर्वी कुणाला कोणता प्रश्न विचाराल, ते लिहायचे. पाणीपुरवठ्याचे अभियंता, आरोग्य अधिकारी, टँकरचालक, वस्तीतल्या बायका अशी माणसे ठरवायची आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन प्रश्न. त्या माणसांची उत्तरे शिक्षक देतो. सुरुवातीचे प्रश्न साधारणपणे दोष शोधणारे असतात: टँकर शेवटचा कधी धुतला, पाणी कुठून भरता, त्यात टीसीएल पावडर टाकता का. हे प्रश्न बातमीदारीच्या दृष्टीने चांगलेच आहेत आणि त्यांना खरी उत्तरे मिळाली पाहिजेत. पण ज्या प्रश्नाने लपवलेला रकाना उघडतो तो वेगळा आहे: टँकर कोणत्या वस्तीत पाठवायचा हे कोण ठरवते आणि कशावरून?

ज्या गटाने हा प्रश्न कोणत्याही शब्दांत विचारला, त्याच्या हाती B रकाना द्यावा. अभियंत्याचे उत्तर असे, की जिथे नळाचा खंड मोठा, तिथे टँकर आधी जातो. कुणीच विचारले नाही तर तासाच्या शेवटी मी स्वतः तो प्रश्न फळ्यावर लिहितो, पण रकाना दुसऱ्या सत्रापर्यंत देत नाही. प्रश्न विचारून मिळवलेला रकाना आणि शिक्षकाने आयता दिलेला रकाना यांचा ठसा वेगळा उमटतो.

त्याच आकड्यांची पुन्हा विभागणी

B हाती आल्यावर वस्त्यांचे दोन गट करायचे आणि प्रत्येक गटाच्या आत टँकर असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांची तुलना करायची. सहा दिवसांआडच्या, टँकर येणाऱ्या वस्त्यांसाठी सूत्र असे:

```
=AVERAGEIFS(D2:D61,B2:B61,6,C2:C61,1)
```

शेवटचे 1 बदलून 0 केले आणि 6 बदलून 2 केले, की चारही सरासऱ्या मिळतात. योगायोगाचा भाग सोडला तर त्या अशा येतात.

| नळाचे पाणी | टँकर येतो | टँकर येत नाही |
|---|---|---|
| दोन दिवसांआड | ६ (५ वस्त्या) | ७ (२५ वस्त्या) |
| सहा दिवसांआड | १८ (२५ वस्त्या) | १९ (५ वस्त्या) |
| सगळ्या मिळून | १६ (३० वस्त्या) | ९ (३० वस्त्या) |

इथे वर्ग थबकतो, आणि त्याला थबकू द्यावे. दोन्ही गटांत टँकरच्या वस्तीत रुग्ण कमी आहेत, आणि दोन्ही गट एकत्र केले की टँकरच्या वस्तीत रुग्ण जास्त आहेत. एकही आकडा बदललेला नाही. शब्दांत सांगण्याआधी प्रत्येकाने १६ आणि ९ हे आकडे हाताने काढावेत, असा माझा आग्रह असतो: पाच वस्त्या गुणिले ६ म्हणजे ३०, पंचवीस गुणिले १८ म्हणजे ४५०, बेरीज ४८०, भागिले ३० म्हणजे १६. दुसऱ्या बाजूला पंचवीस गुणिले ७ म्हणजे १७५, पाच गुणिले १९ म्हणजे ९५, बेरीज २७०, भागिले ३० म्हणजे ९. गुणाकार करताना हाताखाली उत्तर सापडते. टँकरच्या सरासरीत आजारी गटाच्या पंचवीस वस्त्या आहेत, दुसऱ्या सरासरीत त्याच गटाच्या फक्त पाच. तुलना टँकरची आणि बिनटँकरची नव्हतीच. ती प्रामुख्याने सहा दिवसांआड आणि दोन दिवसांआड पाणी मिळणाऱ्यांची होती. नळाचा खंड हे सामाईक कारण आहे. त्याच्यामुळे टँकर येतो आणि त्याच्यामुळेच आजारही येतो, म्हणून टँकर आणि आजार एकत्र दिसतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्प्सन यांनी १९५१ साली या उलटापालटीवर लिहिले आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

याच क्षणी विद्यार्थी दुसऱ्या टोकाला जातात, आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. ‘म्हणजे टँकरचे पाणी चांगले असते, टँकरमुळे आजार कमी होतो’ असा नवा मथळा लगेच तयार होतो. त्यावेळी सूत्र असलेली मूळ प्रत पडद्यावर उघडावी आणि F9 ही कळ दाबत राहावी. प्रत्येक दाबासरशी योगायोगाचे आकडे नव्याने पडतात. दोन दिवसांआड आणि सहा दिवसांआड यांच्यातला सुमारे बाराचा फरक कधीच नाहीसा होत नाही. टँकरमुळे होणारा एकाचा फरक मात्र कधी दोनचा दिसतो, कधी शून्य होतो, आणि मधूनच उलटतो, कारण तो एका बाजूला अवघ्या पाच वस्त्यांच्या सरासरीवर उभा आहे. खऱ्या बातमीदाराला F9 दाबता येत नाही. त्याच्या हाती एकच पडलेला डाव असतो. म्हणून एवढ्या लहान फरकावर त्याने कोणत्याही बाजूने मथळा उभारू नये.

दुसरी मर्यादाही इथेच सांगावी. विभागणीने फक्त मोजलेल्या गोष्टी बाजूला होतात. खंडाव्यतिरिक्त वस्तीची दाटी, शौचालयांची स्थिती, दवाखान्यापासूनचे अंतर यांतले काही टँकरशी आणि रुग्णसंख्येशी जोडलेले असेल, आणि ते तक्त्यात नसेल, तर विभागणी केल्यानंतरचा आकडाही फसवा असू शकतो.

प्रत्येक तिसरी गोष्ट वेगळी काढायची नसते

सामाईक कारणाची गंमत कळली की विद्यार्थी जे मिळेल त्यानुसार तक्ता फोडू लागतात. हे थांबवण्यासाठी मी एक उलट प्रसंग देतो, आणि तो नीट समजेपर्यंत पुढे जात नाही.

समजा दुसऱ्या एका शहरात टँकर भरण्याच्या ठिकाणीच पाणी दूषित आहे आणि टँकरमुळे खरोखरच अतिसार होतो. बातमीदाराकडे घराघरांतल्या पाण्याच्या ओटी चाचणीचे निकाल आहेत, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरले आहे की नाही त्याची नोंद आहे. तो विचार करतो, की मागच्या वेळी तिसरा घटक विसरलो होतो, आता विसरायचे नाही. म्हणून तो क्लोरीन असलेली आणि नसलेली घरे वेगळी करतो आणि प्रत्येक गटात टँकरवाल्या आणि नळवाल्या घरांची तुलना करतो. फरक जवळजवळ नाहीसा होतो. ‘टँकर निर्दोष’ असा निष्कर्ष तो लिहितो, आणि तो साफ चुकीचा आहे. टँकर आजारी पाडतो तो बिनक्लोरीनच्या पाण्यामार्फतच. सारखे क्लोरीन असलेल्या घरांचीच तुलना केली, तर टँकरने केलेले नुकसान त्याने स्वतःच हिशेबातून वगळले.

फरक ओळखायची रीत काळाच्या क्रमाशी बांधलेली आहे. टँकर कुठे जाणार हे ठरण्याआधी जी गोष्ट अस्तित्वात होती आणि त्या निर्णयावर जिचा प्रभाव होता, ती सामाईक कारण असू शकते. तिच्यानुसार विभागणी करावी. टँकर आल्यानंतर जी गोष्ट घडली, ती मधली पायरी असू शकते. तिच्यानुसार विभागणी केली तर खरे कारणही पुसले जाते. म्हणून प्रत्येक गटाला मी कागदावर बाण काढायला लावतो: कोण आधी, कोण नंतर, कुणाकडून कुणाकडे. संगणकाला हा बाण कळत नाही. तो अभियंत्याच्या, चालकाच्या आणि वस्तीतल्या माणसांच्या बोलण्यातूनच कळतो.

बाण काढायला लागले की आणखी एक शक्यता आपोआप वर येते. साथ सुरू झाल्यावर प्रशासन नळाचे पाणी बंद करून टँकर पाठवते. तेव्हा आजार आधी आणि टँकर नंतर असतो. यावर उपाय एकच, टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवहीतली पहिली तारीख आणि पहिल्या रुग्णाची तारीख समोरासमोर ठेवणे.

दुसरा तक्ता: मोहिमेनंतर घटलेले रुग्ण

पहिल्या तक्त्यात प्रशासनावर ठपका ठेवण्याचा मोह होता. दुसऱ्यात प्रशासनाच्या प्रसिद्धिपत्रकावर विश्वास ठेवण्याचा मोह आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहराच्या वाट्याला तो अधिक वेळा येतो.

पुन्हा ६० वस्त्या. एका रकान्यात मे महिन्याचे रुग्ण, शेजारी जूनचे. दोन्हींत एकच सूत्र:

```
=12+RANDBETWEEN(-10,10)
```

म्हणजे प्रत्येक वस्तीचा स्वभाव सारखाच, दर महिन्याला सरासरी १२, आणि बाकी सगळा योगायोग. मोहिमेचा परिणाम सूत्रात कुठेच नाही. मूल्ये चिकटवून झाल्यावर मे महिन्यात सर्वाधिक रुग्ण असलेल्या सहा वस्त्या निवडाव्यात आणि विद्यार्थ्यांना फक्त त्याच द्याव्यात, सोबत एक पत्रक: ‘अतिसाराचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या सहा वस्त्यांत क्लोरीनच्या बाटल्या वाटून जनजागृती मोहीम राबवण्यात आली. महिन्याभरात रुग्णसंख्या घटली.’ या सहा वस्त्यांची मेची सरासरी २१ च्या जवळपास येते आणि जूनची १२ च्या आगेमागे. चाळीस टक्क्यांहून अधिक घट, तीही सर्वांत वाईट वस्त्यांत. कोणताही वार्ताहर हे छापेल.

इथे विचारायचा प्रश्न पहिल्या तक्त्यातलाच आहे: या वस्त्या कशा निवडल्या? उत्तर पत्रकातच लिहिलेले आहे. ज्या महिन्यात आकडा सर्वांत वर होता, त्याच महिन्याच्या आकड्यावरून निवड झाली. असा आकडा वर असण्यामागे थोडा वस्तीचा स्वभाव आणि बराच त्या महिन्याचा योगायोग असतो. स्वभाव टिकतो, योगायोग टिकत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी आकडा सरासरीकडे परततो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीची तुलना करताना हीच गोष्ट मांडली होती: फार उंच आईवडिलांची मुले उंचच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नाहीत.

हे सांगण्याआधी फासे वापरावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन फासे टाकायचे आणि बेरीज लिहायची. ज्यांची बेरीज दहा किंवा जास्त आली ते ‘आजारी’ ठरतात. छत्तीस जणांच्या वर्गात असे साधारण सहाजण निघतात. त्यांना पुढे बोलावून फासे नीट टाकण्याविषयी दोन मिनिटे गंभीरपणे मार्गदर्शन करावे आणि पुन्हा टाकायला सांगावे. त्यांची सरासरी सातच्या दिशेने उतरते. मार्गदर्शनाचा फाशांवर परिणाम होत नाही हे सर्वांना माहीत असते, आणि तरीही घट डोळ्यांसमोर झालेली असते.

मग उरलेल्या ५४ वस्त्यांचे आकडे द्यावेत आणि मे महिन्यात सर्वांत कमी रुग्ण असलेल्या सहा वस्त्यांकडे पाहायला सांगावे. त्यांची सरासरी मेमध्ये तीनच्या आसपास होती, जूनमध्ये ती बाराकडे गेली आहे. तिथे कुणी काही केले नव्हते, तरी रुग्ण चौपट झाले. वरचे खाली आणि खालचे वर, दोन्ही एकाच वेळी आणि दोन्ही मधल्याकडे येत असतील, तर मोहिमेला श्रेय देण्याआधी थांबले पाहिजे. प्रत्यक्ष बातमीत याची तपासणी दोन मार्गांनी करता येते: निवडलेल्या वस्त्यांचे एका महिन्याऐवजी मागच्या तीनचार वर्षांतल्या मे-जूनचे आकडे मागवणे, आणि मे महिन्यात जवळपास तितकाच वर आकडा असूनही मोहिमेत नसलेल्या वस्त्या शोधणे.

एक मुद्दा इथे स्पष्ट बोलला पाहिजे. पाण्याचे क्लोरिनेशन अतिसार रोखते, हे खरे आहे. म्हणजे पत्रकातला दावा कदाचित खराच असेल. तरी या सहा वस्त्यांच्या आकड्यांनी तो सिद्ध होत नाही. ‘पण सर, मग मोहीम चांगली असूनही बातमी द्यायची नाही का?’ असे विद्यार्थी विचारतात. बातमी द्यायची. मोहीम झाली, बाटल्या वाटल्या, रुग्ण घटले, ही तिन्ही विधाने छापण्याजोगी आहेत. घट मोहिमेमुळे झाली हे चौथे विधान मात्र कुणाचा तरी दावा म्हणूनच छापायचे, आणि मोहीम नसलेल्या वस्त्यांचे काय झाले ते लगेच शेजारी लिहायचे.

कारण खरोखर कसे सिद्ध होते

दोन्ही तक्ते झाल्यावर वर्गात एक निराशा येते, की आकड्यांवरून कशाचेच कारण कळत नाही. ती दूर करायला ब्रिटिश डॉक्टर जॉन स्नो यांचे लंडनमधले काम पुरेसे आहे, आणि विषय पाण्याचाच असल्याने ते सहज जुळते.

१८५४ च्या कॉलऱ्याच्या साथीत सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाची मूठ स्नो यांच्या सांगण्यावरून काढली गेली, ही कथा प्रसिद्ध आहे. पण मूठ निघाली ८ सप्टेंबरला आणि मृत्यू त्याआधीच ओसरू लागले होते. स्नो यांनी स्वतः हे लिहून ठेवले. म्हणजे कथेचा सर्वांत लोकप्रिय भाग हाच आपल्या दुसऱ्या तक्त्यासारखा आहे.

त्यांचा खरा भक्कम पुरावा दुसरीकडे होता. दक्षिण लंडनच्या काही भागांत दोन कंपन्यांच्या वाहिन्या एकाच रस्त्यावरून जात होत्या. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल ही कंपनी शहराचे सांडपाणी मिसळलेल्या थेम्सचे पाणी घेत होती. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या प्रवाहात शहराच्या वर, थेम्स डिटनला हलवले होते. शेजारशेजारच्या घरांत वेगवेगळे पाणी, आणि घरे श्रीमंतांची आणि गरिबांची, लहान आणि मोठी, दोन्ही बाजूंना सारखी मिसळलेली. स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांत पाणी कोणत्या कंपनीचे हे शोधले, आणि रहिवाशांना माहीत नसेल तेव्हा पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून त्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून ते ओळखले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्कच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या ३७.

आता विद्यार्थ्यांनी स्वतःचाच प्रश्न स्नो यांना लावायचा: घरे कशी निवडली गेली? कोणत्या घरात कोणते पाणी हे रहिवाशांच्या आरोग्यावरून किंवा गरिबीवरून ठरलेले नव्हते. आमच्या टँकरचे तसे नव्हते. स्नो यांची तुलना बळकट का आणि आमची लंगडी का, हे एका वाक्यात लिहायला सांगितले की कुणाला विषय उमगला आणि कुणाला नाही हे लगेच कळते.

बातमी पुन्हा लिहिणे आणि गुण देणे

शेवटचे काम म्हणजे फळ्यावरच्या मथळ्यांकडे परत जाणे. ‘मुळे’, ‘परिणामी’, ‘चा फटका’, ‘ने बळी’ असे जोड जिथे आहेत तिथे खूण करावी आणि प्रत्येक ठिकाणी विचारावे, की हा जोड कोणत्या आकड्याने कमावला. तक्त्याने न कमावलेला जोड काढायचा, पण बातमी पातळ होऊ द्यायची नाही. ‘टँकर आणि अतिसार यांचा संबंध असू शकतो’ अशी गुळमुळीत वाक्ये मी स्वीकारत नाही, कारण त्यांतून वाचकाला टँकरच दोषी असे सूचित होते आणि जबाबदारी मात्र कुणीच घेत नाही.

पहिल्या तक्त्यावरून उभी राहणारी बातमी मूळ बातमीपेक्षा अधिक धारदार असते. मथळा: ‘सहा दिवसांआड पाणी असलेल्या वस्त्यांत अतिसाराचे रुग्ण अडीच पटींहून अधिक’. सुरुवात: ‘मे महिन्यात शहरातील ज्या ३० वस्त्यांना सहा दिवसांआड नळाचे पाणी मिळाले, तेथे दर हजारी सरासरी १८ रुग्ण आढळले, दोन दिवसांआड पाणी मिळणाऱ्या वस्त्यांत हे प्रमाण ७ होते. सारखाच खंड असलेल्या वस्त्यांत टँकर येणे किंवा न येणे यामुळे रुग्णसंख्येत ठळक फरक दिसला नाही.’ यातही कारणाचा दावा केलेला नाही. खंड आणि आजार यांची सांगड वाहिनीतल्या दाबाने लागते की पिंपातल्या साठवणीने, याचे उत्तर पुढच्या परिच्छेदात अभियंत्याकडून, आरोग्य अधिकाऱ्याकडून आणि नळाच्या टोकाशी घेतलेल्या ओटी चाचणीच्या नोंदीतून यायला हवे. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी मुक्त अवशिष्ट क्लोरीन प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते, त्यामुळे ही नोंद मागणे हा नेमका आणि टाळता न येणारा प्रश्न ठरतो.

गुण देताना मी अंतिम बातमीला निम्मेच गुण ठेवतो. उरलेले निम्मे प्रश्नांच्या यादीला जातात, आणि त्यातही निवडीविषयीच्या प्रश्नाला सर्वाधिक. ज्याने सरासरी काढताना चूक केली पण टँकर कुणाला मिळतो हे विचारले, तो माझ्या लेखी ज्याने सगळी सूत्रे बरोबर लावली आणि कुणालाच फोन केला नाही त्याच्या पुढे असतो. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने वर्तमानपत्रातली ‘घट’ किंवा ‘वाढ’ असलेली एक खरी बातमी आणायची, तिच्यातील तुलना कोणात झाली आणि ते कसे निवडले गेले हे दोन ओळींत लिहायचे, आणि बातमीत ती माहितीच नसेल तर ती कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या नोंदवहीत सापडेल ते शोधून आणायचे.